रोज रात्री एक मुक्काम

*«माझं वय ५३. कराडमध्ये घरगुती खानावळ चालवते, रोज बावीस डबे जातात. मिस्टरांना चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून ते घरीच असतात. मला प्रवासाची फार हौस, पण आजवर पंढरपूर आणि कोल्हापूरपलीकडे गेले नाही. नगर वाचनालयातून नर्मदा परिक्रमेची तीन पुस्तकं ओळीनं आणून वाचली. वाचताना बरं वाटतं, पण पुस्तक मिटलं की डोळ्यांपुढं काहीच राहत नाही. सगळी देवळं, सगळे घाट एकसारखे होतात. जाऊबाई म्हणाल्या, ‘नुसतं वाचून काय कळणार, पाहायला पाहिजे.’ आमच्या पतसंस्थेत चाळीस हजारांचं कर्ज मिळतंय, सोळा टक्क्यांनी, चोवीस हप्ते. त्यात बसनं परिक्रमा होईल. कर्ज काढून जावं, की वाचनावरच समाधान मानावं? आणि समाधानच मानायचं असेल, तर ते खरं वाटेल असं कसं वाचावं?»*

ताई,

पैशाचा भाग आधी उरकून घेऊ, कारण तो गणिताचा आहे. चाळीस हजार, सोळा टक्के, चोवीस महिने. घटत्या शिलकीवर व्याज धरलं तर हप्ता साधारण १,९६० रुपयांचा येतो आणि दोन वर्षांत सत्तेचाळीस हजार जातात. व्याज मूळ रकमेवर सरसकट लावत असतील तर हप्ता याहून मोठा, तेव्हा संस्थेत तेवढं विचारून घ्या. बावीस डब्यांच्या खानावळीत कुठल्याही महिन्यात दोन-तीन डबे कमी होऊ शकतात, घरात औषधं चालू आहेत. शिवाय तुम्ही पंधरा-वीस दिवस बाहेर असताना स्वयंपाक कोण करणार, मिस्टरांजवळ कोण राहणार, हा खर्च हप्त्यात धरलेलाच नाही. मी कर्ज काढणार नाही, तुम्हीही काढू नका असं मला मनापासून वाटतं.

पण या हिशेबातून दुसरंच काहीतरी पुढं येतं. पायी परिक्रमा ही देशातल्या सगळ्यात स्वस्त प्रवासांपैकी एक आहे. परिक्रमावासी झोळी, कमंडलू आणि पांघरूण घेऊन निघतो. वाटेतल्या आश्रमांत, देवळांत, गावकऱ्यांच्या ओसरीवर झोपतो. कुठं शिजवलेलं जेवण मिळतं, कुठं सदावर्त, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. तो स्वतः रांधून खायचा. पैसे जवळजवळ लागतच नाहीत. लागतात ते दिवस. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले की २,६२४. रोज पंचवीस किलोमीटर चाललं तरी सरळ भागाकारानं एकशे पाच दिवस होतात. वळणं, टेकड्या आणि थांबे धरले की चार महिन्यांच्या आत क्वचितच कुणी परततं. परंपरेनं सांगितलेली मुदत तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. म्हणजे तुम्हाला जे परवडत नाही ते पैसे कमी आणि दिवस जास्त. कर्जानं दिवस मिळत नाहीत. बसच्या परिक्रमेत तर ते आणखीच कमी होतात, आणि रस्ता बराच वेळ नदीपासून लांबून जात असल्यामुळं नर्मदा दिसते ती मुख्यतः पुलांवरून आणि मोठ्या घाटांवर उतरल्यावर.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येते. पुस्तक मिटलं की काही राहत नाही, याचं कारण ‘नुसतं वाचणं’ हे नाही. लेखक चार-पाच महिने जे चालला ते तुम्ही तीन-चार संध्याकाळी वाचून काढलंत. त्या वेगानं गेलं तर प्रत्यक्षातही सगळे घाट एकसारखेच होतात. मी स्वतः जबलपूरजवळच्या भेडाघाटला पहिल्यांदा गेले ती एका सहलीच्या बसमधून. आम्हाला तासाभरात परत यायचं होतं. त्या दिवसाचं मला आज काय आठवतं, तर चहाचा कागदी पेला आणि पांढरे कडे. पुढं काही वर्षांनी त्याच जागेबद्दल परिक्रमावाल्यांची वर्णनं सावकाश वाचली, तेव्हा कळलं की मी धबधब्याच्या कुठल्या अंगाला उभी होते आणि माझ्या पाठीशी काय होतं. पाहून आलेल्या माणसाला सगळं कळतंच, हे जाऊबाईंचं गृहीतक मला माझ्याच अनुभवावरून मान्य करता येत नाही.

म्हणून मी सुचवते ते असं. तीन पुस्तकं बाजूला ठेवा. एका पुस्तकातला एकच दिवस घ्या, आणि तो एकाच रात्री पूर्ण वाचा, मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवत. मोठ्यानं वाचताना डोळा ओळी गिळू शकत नाही. रोज एक मुक्काम, याहून जास्त नाही.

कसं वाचायचं ते एका दिवसावर करून दाखवते. उत्तर काठावरचा भेडाघाट ते ग्वारीघाट हा टप्पा घेऊ. वीस-पंचवीस किलोमीटरचा आहे, एका दिवसात चालून होतो, वाटेत लमेटाघाट आणि तिलवाराघाट लागतात आणि बहुतेक पुस्तकांत त्याचं वर्णन असतं.

पहिली गोष्ट दिशेची. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते आणि ती कुठंही ओलांडायची नसते. नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहते. म्हणजे दक्षिण काठानं जाणारा माणूस पाण्याबरोबर पश्चिमेकडं, समुद्राकडं चाललेला असतो, आणि उत्तर काठानं येणारा प्रवाहाच्या उलट, पूर्वेकडं, अमरकंटकाच्या दिशेनं. हे वाचायला साधं वाटतं, पण चित्र यावरच उभं राहतं. आपला माणूस उत्तर काठावर आहे. म्हणजे सकाळी सूर्य साधारण तोंडावर आणि संध्याकाळी स्वतःची लांब सावली पुढं. परिक्रमा चातुर्मास संपल्यावर सुरू होते, त्यामुळं बहुतेकांच्या या पानांवर थंडीचे दिवस असतात आणि थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडं झुकलेला असतो. उत्तर काठावरून नदी दक्षिणेला, म्हणजे सूर्य आणि पाणी दोन्ही उजवीकडं. दुपारी पाणी चकचकतं, डोळे बारीक करावे लागतात, पलीकडचा काठ काळपट दिसतो. हाच माणूस महिना-दोन महिन्यांपूर्वी दक्षिण काठावर असेल, तर सूर्य त्याच्या डाव्या अंगाला होता, पाणी स्वच्छ निळं-हिरवं दिसत होतं आणि पलीकडच्या घाटावरची माणसंसुद्धा ओळखू येत होती. नदी तीच, पण दोन काठांवरून दोन रंगांची. लेखकानं लिहिलं असेल तर शोधा. लिहिलं नसेल तरी आता तुम्हाला ते माहीत आहे, आणि मिस्टरांना वाचून दाखवताना तुम्ही ते वाक्य स्वतःहून घालू शकता.

तुम्ही कृष्णाकाठच्या आहात, हे इथं फार उपयोगी पडेल. प्रीतिसंगमावर उभं राहून तुम्ही हाच प्रयोग करू शकता. एका हिवाळी सकाळी आणि एका दुपारी पाण्याच्या कुठल्या बाजूला तोंड केलं की डोळे दिपतात, ते एकदा नीट बघा. वाचताना मग तो अनुभव आपोआप हाताशी येतो.

दुसरी गोष्ट कागदाची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक सेंटिमीटरला एक किलोमीटर धरून वीस-बावीस सेंटिमीटरची वाकडीतिकडी रेघ ओढा. डावीकडं भेडाघाट, उजवीकडं ग्वारीघाट. मोबाइलवरच्या नकाशात ही चारही नावं सापडतात, उपग्रहाचं चित्र लावलंत तर भेडाघाटचा पांढरा खडकही दिसतो. मग पुस्तक वाचत जा आणि लेखक जे जे सांगतो ते त्या रेघेवर टिपत जा, पण फक्त बोट ठेवता येईल अशाच गोष्टी. ‘मन प्रसन्न झालं’ हे टिपता येत नाही. ‘उतारावर हरभऱ्याचं शेत, बाई घाटे खुडत होती’ हे टिपता येतं. दिवसाच्या शेवटी कागद कोराच राहिला, तर दोष तुमच्या कल्पनाशक्तीचा नसून त्या पानाचा आहे, आणि ते पुस्तक परत करायला हरकत नाही.

भेडाघाटच्या टोकाला काय काय टिपलं जायला हवं, ते सांगते. नदी इथं अंगाचा संकोच करते. संगमरवराच्या कड्यांमधली तीन किलोमीटरच्या आसपास लांबीची अरुंद खिंड आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे जागोजागी शंभर फुटांपर्यंत जातात. संगमरवर म्हटलं की आपल्याला गुळगुळीत फरशी आठवते. इथला खडक तसा नाही. उन्हापावसानं रापलेला, कुठं पिवळट, कुठं गुलाबी, कुठं काळसर धारांचा, आणि जिथं नुकताच तुटला आहे तिथंच दुधासारखा. पंचवटी घाटावरून होड्या सुटतात. नावाडी यमक जुळवत कड्यांची वर्णनं करतात. एके ठिकाणी कडे इतके जवळ येतात की त्या जागेला बंदरकूदनी म्हणतात, माकडानं उडी मारून पार करावं इतकं अंतर अशी आख्यायिका. वरच्या टेकडीवर शंभराच्या वर पायऱ्या चढून गेलं की चौसष्ट योगिनींचं देऊळ लागतं. कलचुरी राजांच्या काळातलं, दहाव्या शतकाच्या सुमाराचं. देऊळ म्हटल्यावर शिखर डोळ्यांपुढं येतं, म्हणून हे मुद्दाम सांगते: ते एक मोठं गोल आवार आहे, भिंतीच्या कडेनं ओवऱ्या, प्रत्येक ओवरीत एक मूर्ती, बऱ्याचशा भंगलेल्या, आणि मधलं अंगण आभाळाला उघडं. तिथून थोडं पुढं गेलं की धुआंधार. पाणी उडी घेत कोसळतं आणि तुषार धुरासारखे वर येतात, म्हणून हे नाव.

आणि इथंच चांगला लेखक आणि ऐकीव लिहिणारा वेगळे ओळखता येतात. धबधबा म्हणजे भर पावसात सगळ्यात मोठा, असं आपल्याला वाटतं. धुआंधारचं उलटं आहे. नर्मदेला मोठा पूर आला की खालच्या बाजूचं पाणी इतकं चढतं की उडीच बुजते. धबधबा दिसेनासा होतो, उरतो फक्त लोंढा. होड्याही पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा एखाद्यानं भर श्रावणात धुआंधारचं रौद्र रूप पाहिलं आणि लगेच खिंडीत होडीतून फिरलो असं लिहिलं असेल, तर त्यानं बहुधा दोन वेगवेगळ्या जागी वाचलेलं एकत्र केलं आहे. आणखी एक खूण. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे, १९९० च्या सुमारास पूर्ण झालेलं. त्यानंतरच्या लेखकाला थंडी-उन्हाळ्यात दिसणारं पाणी बरंचसं धरणातून सोडलेलं असतं. त्याआधीच्या लेखकाला दिसलेलं पाणी निराळं होतं. म्हणून पुस्तक उघडलं की लेखक कोणत्या साली आणि कोणत्या महिन्यात चालला, ते आधी शोधा आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हे सापडलं नाही तर मी ते पुस्तक पुढं वाचत नाही. इतकी मी याबाबतीत कडक आहे.

लेखनातला फरक कानाला कसा लागतो, ते दोन तुकड्यांवरून बघा. दोन्ही मीच लिहिले आहेत. पहिला असा: ‘भेडाघाटचं निसर्गसौंदर्य शब्दातीत आहे. संगमरवरी कड्यांमधून वाहणारी मैया पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं.’ दुसरा असा: ‘खिंडीत होडी शिरली तसा वारा थांबला. वल्ह्याचा आवाज कड्यावर आपटून उशिरानं परत येत होता. हाताच्या उंचीच्या कितीतरी वर खडकावर एक करडी रेघ होती. नावाडी म्हणाला, पुरात पाणी तिथं असतं.’ दुसऱ्यात सौंदर्य हा शब्द नाही. पण तुमची मान वर गेली की नाही? करड्या रेघेनं ती उचलली. अशा वाक्यांवर पेन्सिलीनं, वाचनालयाचं पुस्तक असेल तर वहीत, खूण करत जा. ‘शब्दातीत’, ‘विहंगम’, ‘स्वर्गीय’ असे शब्द आले की समजा, लेखकानं तुम्हाला तिथं नेण्याचं काम सोडून दिलं आहे.

पुढं लमेटाघाट. परिक्रमेची पुस्तकं इथून दोन ओळींत पुढं जातात, कारण इथं मोठं देवस्थान नाही. पण या घाटाच्या नावावरून एका खडकाच्या थराला भूशास्त्रात ‘लमेटा’ म्हणतात, आणि जबलपूरच्या परिसरातल्या याच थरात १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना भारतातली डायनासोरची पहिली हाडं सापडली. वाटसरूच्या पायाखाली काय आहे हे त्याला माहीत असेलच असं नाही. घरी बसलेल्या माणसाजवळ मात्र हे बघायला वेळ असतो. तुमच्या कागदावर लमेटाघाटाशेजारी एक हाड काढा. तो घाट मग तिलवाराघाटात मिसळणार नाही.

तिलवाराशी दुसरी आठवण जोडलेली आहे. इथल्या परिसरात १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेस भरली, सुभाषचंद्र बोस तिचे अध्यक्ष होते, आणि तापानं फणफणलेले असताना ते तिथं आले होते. जुनी त्रिपुरी नगरी म्हणजे भेडाघाटच्या वाटेवरचं आजचं तेवर गाव. मिस्टरांना राजकारणाच्या गप्पा आवडत असतील, तर या मुक्कामावर त्यांना बोलतं करा.

आता तिसरी गोष्ट, आणि ही मी खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती. तुम्ही स्वयंपाक करता. परिक्रमेच्या पुस्तकांत जेवणाचे उल्लेख पानोपानी असतात, पण ते वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागचं काम समजतं. ‘सदावर्त मिळालं, टिक्कड करून खाल्ले’ एवढंच वाक्य असतं. टिक्कड म्हणजे हातानं थापलेली जाड पोळी. दिवसभर वीस किलोमीटर चालून आल्यावर अंधारात ओलसर काटक्या पेटवायच्या, परातीशिवाय पीठ मळायचं, लाटण्याशिवाय थापायचं. जाड का करतात, ते तुम्हाला सांगायला नको. पातळ थापायला सपाट पोळपाट हवा आणि आच एकसारखी हवी. जबलपूर-नरसिंहपूर भागात गाकर-भरता करतात, हिंदीत त्याला गक्कड म्हणतात. गव्हाच्या घट्ट पिठाचे जाड गोळे चपटे करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, आणि त्याच निखाऱ्यात वांगं, टोमॅटो, मिरची भाजून भरीत. एखाद्या रविवारी हे करून बघा. गॅसवर जाळी ठेवूनही होतं, फक्त आच मंद ठेवा, नाहीतर बाहेरून करपतं आणि आत पीठ कच्चं राहतं. मधोमध मोडून बघितलं की कळतं. भेडाघाटचं पान वाचायचं त्याच रात्री हे ताटात असू द्या.

शरीराला चालणं कळण्यासाठीही एक मोजमाप तुमच्याजवळ आहे. कराडहून उंब्रजपर्यंत जाऊन वर थोडं पुढं, इतका हा एक दिवस. दळणाची सात किलोची पिशवी खांद्याला लावून घाटापर्यंत एकदा जाऊन या. पिशवी कुठं रुतते, हात किती वेळानं बदलावासा वाटतो, ते लक्षात ठेवा. ‘झोळी जड वाटू लागली’ हे वाक्य त्यानंतर तुमच्या खांद्यातून वाचलं जाईल.

आणि कृपा करून एक गोष्ट तपासत राहा: रांधलं कोणी? परिक्रमावासी सकाळी उठून ‘नर्मदे हर’ म्हणून निघून जातो. ज्या बाईनं त्याच्यासाठी घरातल्या मोजक्या पिठातून चार भाकऱ्या जास्त केल्या, तिचं नाव पुस्तकात बहुतेक वेळा नसतं. तिचा त्या दिवशीचा हिशेब काय झाला, हेही नसतं. प्रवासवर्णनाची ही मर्यादा आहे, चांगल्या लेखकाचीसुद्धा. तो जागा एका रात्रीपुरती पाहतो. बावीस डबे रोज भरणाऱ्या बाईला त्या चुलीपाशी काय चाललं असेल ते त्याच्याहून जास्त दिसू शकतं. पुस्तकात जिथं जिथं जेवण आहे तिथं थांबून हा प्रश्न विचारा. मला वाटतं, ‘सगळी गावं एकसारखी’ ही तुमची तक्रार यानंच सगळ्यात लवकर सुटेल.

व्हिडिओंबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इतर वाचक विचारतील. जरूर बघा, पण पान वाचून झाल्यावर, आणि शक्यतो घाटावर मोबाइल हातात धरून चालणाऱ्या माणसाचा, आवाजासकट. उडत्या कॅमेऱ्यातून घेतलेलं दृश्य देखणं असतं, पण ते चालणाऱ्या कुणालाच दिसत नाही. ते आधी पाहिलं की काठाच्या उंचीवरून नदी कशी दिसते, हे मनात तयारच होत नाही.

एका बाबतीत मात्र पुस्तकाला पर्यायच नाही, आणि ‘पाहायला पाहिजे’ या म्हणण्याला तेच माझं खरं उत्तर आहे. नर्मदेचा बराच काठ आता पाण्याखाली आहे. इंदिरा सागर धरणासाठी हरसूद हे नांदतं शहर २००४ मध्ये रिकामं करण्यात आलं. खाली सरदार सरोवराच्या फुगवट्यात शूलपाणीच्या झाडीतली वाट गेली. आपल्या महाराष्ट्राला नर्मदेचा काठ लाभला आहे तो फक्त नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, पन्नासेक किलोमीटर. तिथलं मणिबेली १९९० च्या दशकात बुडालं, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं. जुन्या परिक्रमावाल्यांच्या पुस्तकांत ही झाडी म्हणजे भीतीचं प्रकरण असतं. तिथं वाटसरूंना अंगावरच्या कपड्यांपर्यंत लुटलं जाई, आणि लुटणाऱ्या भिल्लांना ‘मामा’ म्हणायची रीत होती. अलीकडच्या पुस्तकांत वाट डोंगरावरून जाते आणि त्याच भागातल्या घरांमध्ये वाटसरूंना जेवू घालतात. या टप्प्यासाठी एक पुस्तक १९९० च्या आधीच्या प्रवासाचं आणि एक २००० नंतरचं, असं शेजारी ठेवून वाचा. वाचनालयाच्या ग्रंथपालांना प्रकाशनाचं वर्ष न सांगता प्रवासाचं वर्ष सांगून मागा, कारण जुन्या प्रवासाची पुस्तकं पुष्कळदा उशिरा छापली जातात. पहिल्या पुस्तकातल्या पायवाटेवर आज कितीही पैसे असले तरी कुणालाच जाता येणार नाही. तिथं तुम्ही आणि जाऊबाई एकाच बाकावर आहात.

तरीही पाय निघायला तयार असतील, तर मी अडवणार नाही. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड हे कलाशिक्षक होते. १९७७ मध्ये, पन्नाशीला टेकलेले असताना त्यांनी नर्मदाकाठानं चालायला सुरुवात केली आणि नोकरी सांभाळून, सुट्टीत, तुकड्यातुकड्यांनी चालत राहिले. रेखाटनं करत, लोकांशी बोलत. एकदाच संपूर्ण जायचं ही अट त्यांनी घातली नाही. तुमच्यासाठी तुकडा म्हणजे वर सांगितलेला एकच दिवस. भुसावळ-इटारसीवरून जाणाऱ्या गाड्यांनी जबलपूरला पोचता येतं, आणि जबलपूर येण्याआधी गाडी नर्मदेवरून जाते. जाण्या-येण्यासह पाच दिवस धरा. खानावळीला दिवाळीत तसंही सुट्टी असते, विद्यार्थी गावी गेलेले असतात. मिस्टरांजवळ त्या पाच दिवसांत कोण राहू शकेल, हे जाऊबाईंनाच विचारा. पतसंस्थेत कर्जाऐवजी आवर्ती ठेव उघडा, महिना पाचशेची. वर्षाला सहा हजार आणि वर थोडं व्याज. रेल्वेच्या साध्या डब्यातून एका माणसाचं त्यात भागावं, आणि कमी पडलं तर आणखी एक दिवाळी थांबा. हप्त्याच्या चौथ्या हिश्शात हे होतं आणि कुठल्या महिन्यात भरता आलं नाही तर दारात कुणी येत नाही.

ज्यांना नर्मदा नको, हिमालय किंवा कोकण किंवा आणखी लांबचा देश हवा आहे, त्यांनीही असाच एक दिवसाचा टप्पा निवडावा: साल, महिना, चालण्याची दिशा, सूर्य कुठल्या अंगाला, ओझं किती, आणि रांधलं कोणी. एवढं ज्या पानातून मिळत नाही ते पान कितीही गाजलेलं असलं तरी सोडून द्यावं.

तुम्ही या आठवड्यात भेडाघाटपासून सुरुवात करा. पहिल्या रात्री फक्त ग्वारीघाटापर्यंतचा हा एक दिवस वाचा, पुढचा मुक्काम दुसऱ्या रात्रीवर ठेवा. मिस्टरांना बोलायला त्रास होत असेल, तर कागदावरची रेघ त्यांच्या चांगल्या हाताजवळ धरा आणि आज कुठं पोचलो त्यावर त्यांना बोट ठेवू द्या. आणि गाकर पहिल्या खेपेला आतून कच्चे राहिले तर मला कळवा, माझेही राहिले होते. पिठात थोडा रवा मिसळून अर्धा तास झाकून ठेवल्यावर दुसऱ्या वेळी जमले.